विषय नव्हे, गोष्ट पाठव

बेळगाव

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचा प्रस्ताव दोन्ही वाचले. निपाणीत जाऊन तू विडी कामगार बायकांशी बोललीस, त्यांच्या उंबरठ्यावर बसून ऐकून घेतलेस, ही कामाची खरी सुरुवात आहे. पण ‘निपाणीतील विडी कामगार महिलांच्या समस्या या विषयावर लेख लिहू इच्छिते’ एवढेच वाचून संपादकाला काही ठरवता येणार नाही. हा विषय झाला आणि विषय त्याच्याकडे रोज येतात. लेख कोणाबद्दल आहे, त्यात काय घडले आहे आणि ते घडले हे तुला कशावरून कळले, एवढे प्रस्तावाने सांगितले पाहिजे.

गोष्ट तुझ्याच पत्रात आहे, मात्र ती तू शेवटच्या परिच्छेदात ओझरती लिहिली आहेस. एका वयस्क बाईंनी आयुष्यभर विड्या वळल्या, हात थांबल्यावर फंडाचे पैसे मागितले आणि नाव जुळत नाही म्हणून त्यांना परत पाठवण्यात आले. कारखान्याच्या वहीत त्यांचे नाव मराठीत, माहेरच्या वळणाने लिहिलेले, रेशनकार्डावर कन्नडमध्ये, आधारवर इंग्रजी अक्षरांत, तेही नवऱ्याच्या नावासह. आपल्या सीमाभागात घरोघरी असे तीन लिप्यांतले कागद असतात, त्यामुळे आपल्याला त्यात काही नवल वाटत नाही. पुण्याच्या किंवा दिल्लीच्या संपादकाला मात्र ते वाटेल. तेव्हा हीच गोष्ट प्रस्तावाच्या पहिल्या ओळीत यायला हवी.

मात्र ती तिथे नेण्याआधी एक गोष्ट तपासून घे, कारण अनेक चांगले प्रस्ताव इथेच कोसळतात. फंड अडकण्याची कारणे दोन असू शकतात आणि त्यांतून दोन वेगळे लेख होतात. एक, ठेकेदाराने पैसे भरले आहेत, खात्यात जमेच्या नोंदी आहेत, पण नाव किंवा जन्मतारीख आधारशी जुळत नाही. दोन, पैसे कधी भरलेच गेले नाहीत आणि ‘नाव जुळत नाही’ हे फक्त वेळ मारून नेण्याचे उत्तर आहे. पहिला लेख कागदपत्रांच्या कारभाराचा, दुसरा थकवलेल्या पैशांचा. फरक ओळखायचा तर त्या बाईंचा यूएएन, म्हणजे फंडाच्या खात्याचा कायमचा क्रमांक, आहे का ते विचार, आणि असल्यास त्यांच्या संमतीने पासबुकातील नोंदी पाहा. नोंदी असतील तर नियोक्ता आणि कामगार यांच्या संयुक्त अर्जाने नाव दुरुस्त करता येते. मग प्रश्न असा की त्या अर्जावर सही करायला ठेकेदार आज जागेवर आहे का. क्रमांकच नसेल, तर जुन्या मजुरीपुस्तिकेत फंडाची कपात दाखवली आहे का ते पाहा. कपात आहे आणि खात्यात भरणा नाही, असे दिसले तर तो गंभीर आरोप ठरतो. तो ठेकेदाराचे म्हणणे घेतल्याशिवाय प्रस्तावातही ठामपणे लिहायचा नाही. एका घरावर थांबूही नकोस. निदान चार-पाच घरांतले कागद सारखेच बोलत असतील, तर तुझ्या हाती लेख आहे. नाहीतर ती एका बाईंची अडचण आहे, आणि तिच्यासाठी प्रस्ताव नव्हे, अर्ज लिहून देणे जास्त उपयोगाचे.

कागद पहिल्या प्रकारचे निघाले असे धरून मी प्रस्तावाची सुरुवात अशी करीन:

‘निपाणीत आयुष्यभर विड्या वळलेल्या काही महिलांच्या भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात पैसे जमा आहेत, पण ते त्यांना काढता येत नाहीत. कारखान्याच्या वहीतील मराठी नाव, रेशनकार्डावरील कन्नड नाव आणि आधारवरील इंग्रजी नाव एकमेकांशी जुळत नाही. नाव दुरुस्त करण्यासाठी ज्या ठेकेदाराची सही लागते, त्याने काम कधीच बंद केले आहे. अशा पाच कुटुंबांची कागदपत्रे मी पाहिली आहेत.’

या चार वाक्यांत स्थळ, माणसे, अडथळा आणि पुरावा आला. संपादक बहुधा इथेच ठरवतो की पुढे वाचायचे की नाही. त्यानंतरचा परिच्छेद ‘आत्ताच का’ याचा. तुझ्या मसुद्यात तो नाहीच. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि विडी कामगारांसाठीचा १९६६ चा स्वतंत्र कायदा त्यांत विलीन झाला. नवी व्यवस्था बसत असताना जुन्या नोंदींचे काय होणार, हा प्रश्न आज विचारण्याजोगा आहे. एवढे दोन वाक्यांत लिही. कायद्याचा इतिहास प्रस्तावात नको.

तिसऱ्या परिच्छेदात तू काय करणार ते सांग: आणखी कोणाला भेटणार, निधी कार्यालयाची आणि ठेकेदारांची बाजू कशी घेणार, कामगार संघटनेकडून काय विचारणार. महिलांची नावे प्रस्तावात लिहू नकोस. संपादकाने मागितली तर त्यांना विचारून मग दे. शेवटी शब्दसंख्या, छायाचित्रे कोण काढणार, लेख कधी देणार आणि स्वतःविषयी दोनच ओळी. त्या ओळींत पदवीपेक्षा तुला मराठी आणि कन्नड दोन्ही वाचता येते हे महत्त्वाचे, कारण हा लेख त्यावरच उभा आहे. सगळे मिळून तीनशे शब्दांच्या आत बसव. मेलच्या विषयाच्या जागी नुसते ‘लेखाबाबत’ न लिहिता ‘प्रस्ताव: निपाणीच्या विडी कामगारांचा अडकलेला फंड’ असे लिही.

एका गोष्टीबद्दल मला तळमळीने सांगायचे आहे. बेळगावहून काही आले की महाराष्ट्रातले अनेक संपादक ते सीमाप्रश्नाच्या चौकटीतच वाचतात. १ नोव्हेंबर किंवा विधिमंडळाचे अधिवेशन जवळ आले की आपली आठवण होते. त्या अपेक्षेला बळी पडून ‘मराठी असल्यामुळे या महिलांवर अन्याय’ असे लिहू नकोस, जोवर तुझे कागद तसे म्हणत नाहीत. कानडी घरांतही हाच घोळ असेल, तर तेही प्रस्तावात आले पाहिजे; शक्य तर मुद्दाम एखाद्या कानडी घरी जाऊन पाहा. लिप्यांची अडचण खरी आहे, ती आहे तेवढीच मांडलीस तर लेख कोणालाही खोडता येणार नाही.

कोणाला पाठवायचे त्यानुसार सुरुवातीचा भर बदलेल. मराठी मासिकाला निपाणी कुठे आहे ते सांगावे लागत नाही. तिथे एका घराची कथा मोठी ठेव. देशभरच्या वाचकांसाठी असलेल्या इंग्रजी संकेतस्थळाला मात्र एका वाक्यात सांगावे लागेल की हे कर्नाटकातले, महाराष्ट्राच्या सीमेवरचे तंबाखूचे गाव आहे, आणि स्थलांतरित किंवा लग्नाने नाव बदललेल्या कुठल्याही कामगाराला ही अडचण येऊ शकते. दिवाळी अंकासाठी विचार असेल तर पावसाळ्याच्या सुरुवातीलाच लिही, कारण गणपतीपर्यंत बहुतेक अंकांची आखणी झालेली असते.

एका वेळी एकाच ठिकाणी पाठव. संकेतस्थळाकडून आठ-दहा दिवसांत उत्तर आले नाही, तर दोन ओळींचे स्मरणपत्र धाड. त्यानंतरही आठवडाभर काही कळले नाही, तर प्रस्ताव मागे घेत असल्याचे कळवून दुसरीकडे पाठव. मासिकांना महिनाभर दे. होकार आला की लिहायला बसण्याआधी मानधन किती, निपाणीच्या फेऱ्यांचा खर्च मिळणार का आणि लेख छापला गेला नाही तर काय देणार, हे मेलवर विचारून घे. तोंडी ठरलेले मानधन पुढे मागताना फार अवघड जाते.

पासबुकांचे काम झाले की सुधारलेला पहिला परिच्छेद आधी मला पाठव. बाकीचा नंतर पाहू.

तुझा,
एक जुना बातमीदार