रोज चालूनही माणूस ‘बैठा’ कसा?

प्रश्न: सकाळी मित्रांबरोबर ४० मिनिटं चालतो, आठवड्यातून सहा दिवस. नंतर नऊ-दहा तास संगणकासमोर बसून काम. निम्मा भारत निष्क्रिय आहे असं वाचलं. मी त्या निम्म्यात आहे का?

उत्तर: बहुधा नाही, पण बैठे मात्र नक्की आहात. या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या जातात, त्यामुळे एकाच माणसाला दोन्ही लागू पडू शकतात.

आधी मेटचा हिशोब. स्वस्थ बसलेलं शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं ती १ मेट, म्हणजे दर किलो वजनामागे तासाला साधारण १ किलोकॅलरी. जागेपणी बसून किंवा लोळून १.५ मेटपर्यंतचं जे काही करतो ते बैठं वर्तन. ३ मेटपासून मध्यम श्रम सुरू होतात आणि ६ पासून तीव्र. जागतिक आरोग्य संघटनेची किमान अपेक्षा आठवड्याला १५० मिनिटं मध्यम किंवा ७५ मिनिटं तीव्र श्रमांची आहे. मेट आणि मिनिटं यांचा गुणाकार करून ती साधारण ६०० मेट-मिनिटं धरतात, आणि त्याखाली राहिला तो निष्क्रिय.

तुमची आठवड्याची मिनिटं २४०. ताशी पाचेक किलोमीटरच्या चालीला ३.५ मेट धरले तर ८४० होतात, म्हणजे आरामात पास. पण ‘मित्रांबरोबर’ या शब्दाशी मी जरा अडखळलो. गप्पा मारत ताशी सव्वातीन किलोमीटरने चाललात तर ते जेमतेम २.८ मेट भरतं, म्हणजे हलकी हालचाल, आणि ती या हिशोबात धरतच नाहीत. निम्मा वेळ रमतगमत जात असेल तर उरतात १२० मिनिटं आणि ४२० मेट-मिनिटं. तेवढ्यात तुम्ही नापास! सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत मात्र कुठल्याही मध्यम श्रमाला सरसकट ४ मेट देतात, त्यामुळे तिथे तुम्ही सगळं चालणं मध्यम म्हणून सांगितलंत की ९६० लागतील. कागदावरचा आणि रस्त्यावरचा आकडा असा फाटतो.

घड्याळावर विसंबण्यापेक्षा एक मिनिट पावलं मोजा. मिनिटाला शंभरच्या आसपास पावलं पडत असतील तर बहुतेक प्रौढांचे ३ मेट भरतात. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, ही जुनी खूणही चांगली चालते. तुम्ही वय लिहिलेलं नाही. साठी-सत्तरीत, किंवा आजारपणानंतर, शरीराची कमाल क्षमताच पाच-सहा मेट असू शकते, आणि मग ३.५ मेटची चाल मध्यम न वाटता दमवते. अशा वेळी तक्त्यापेक्षा आपल्या श्वासाकडे बघावं.

आता खुर्ची. लंडनच्या दुमजली बसमधले चालक आणि कंडक्टर यांची तुलना जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून गाडी हाकणाऱ्या चालकांमध्ये हृदयविकार जास्त होता. पुढे मॉरिस यांनीच गणवेशाच्या मापांवरून दाखवलं की चालकांची कंबर आधीपासूनच मोठी होती. म्हणजे सगळा दोष खुर्चीच्या माथी मारता येत नाही.

तुमच्या कामाचं उत्तर २०१६ मधल्या एका मोठ्या विश्लेषणात आहे. त्यात दहा लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र केली होती. दिवसाला आठ तासांहून जास्त बसणाऱ्यांचा वाढीव मृत्यूधोका रोज ६० ते ७५ मिनिटं मध्यम श्रम करणाऱ्यांत जवळपास दिसेनासा झाला. तुमची ४० मिनिटं खरोखर झपाट्याची असली तरी त्याला थोडी कमीच पडतात. वीसेक मिनिटं वाढवता आली तर वाढवा. एकदम नको, संध्याकाळी तुकड्यांत चालली तरी चालतील. सलग दहा मिनिटांची जुनी अट आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत काढून टाकली आहे.

निम्म्या भारताचा आकडा २०२२ चा अंदाज आहे. त्यात सुमारे ५७ टक्के स्त्रिया आणि ४२ टक्के पुरुष अपुऱ्या हालचालीचे ठरले. तो वाचून बायका बसून असतात असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. ओट्याशी उभं राहून स्वयंपाक करणं साधारण २ मेटचं काम. सकाळपासून रात्रीपर्यंत ती उभी असेल, पण श्वास वाढवणारं काम थोडंच असेल, तर ती बैठी मुळीच नाही आणि तरी निष्क्रियांत मोजली जाते. तुमचं नेमकं उलट आहे. तिला खुर्ची सोडायला सांगण्यात काही अर्थ नाही. घरातलं कुणीतरी ओटा सांभाळेल तेव्हाच तिला झपझप चालायला अर्धा तास मिळेल.