‘ती’ म्हणजे पेटी की गाडी?

प्रश्न: भाऊ, भाषेच्या मॉडेलमध्ये अटेन्शन असतं, त्यात प्रत्येक शब्द बाकीच्या शब्दांकडे पाहतो, एवढं समजलं. पण सर्वनाम नेमकं कोणासाठी आलंय, हे त्याला एका नजरेत कसं कळतं?

एका नजरेत कळत नाही. बहुतेक ठिकाणी नेमका हाच भाग सांगायचा राहतो.

मी नागपुरात पोरांना शिकवताना कळमना बाजारातलं एक वाक्य घेतो: “संत्र्यांची पेटी गाडीत मावली नाही, कारण ती मोठी होती.” इथे ‘ती’ म्हणजे पेटी. ‘मोठी’च्या जागी ‘लहान’ टाका, ‘ती’ म्हणजे गाडी होते. दोन्ही नामं स्त्रीलिंगी, त्यामुळे लिंगावरून काही ठरत नाही. गाडीऐवजी ट्रक असता तर ‘ती’ आणि ‘तो’ यांनीच निकाल लावला असता.

मॉडेलसाठी प्रत्येक शब्द म्हणजे एक सदिश, आकड्यांची एक यादी. त्या सदिशापासून तीन सदिश तयार होतात: क्वेरी म्हणजे मी काय शोधतोय, ‘की’ म्हणजे माझी ओळख, आणि व्हॅल्यू म्हणजे मी काय देणार. ‘ती’च्या क्वेरीचा प्रत्येक शब्दाच्या कीशी गुणाकार होतो. समजा पेटीला ३२, मोठीला २४ आणि गाडीला १६ गुण आले (आकडे माझे, बाकीचे शब्द सोडून देऊ). २०१७ च्या मूळ ट्रान्सफॉर्मर रचनेत ‘की’ ६४ आकड्यांची होती, म्हणून त्याच्या वर्गमुळाने, ८ ने, भागायचं: ४, ३, २. मग सॉफ्टमॅक्स या गुणांचे वाटे करतो, बेरीज शंभर टक्के होईल असे: साधारण ६७, २४ आणि ९ टक्के. याच प्रमाणात तिघांच्या व्हॅल्यू मिसळतात आणि ‘ती’चा नवा सदिश तयार होतो. ८ ने भागलंच नसतं, तर जवळपास सगळा वाटा एकट्या पेटीला गेला असता आणि शिकताना तिथे सुधारणेला वावच उरला नसता.

आता मुद्द्याचं. मॉडेलमध्ये हीच क्रिया एकामागून एक अनेकदा होते, तिची प्रत्येक फेरी म्हणजे एक थर. पहिल्या थरात ‘ती’ आणि ‘पेटी’ यांचा गुण फक्त त्या दोन शब्दांवर आणि त्यांच्या जागांवर ठरतो. ‘मोठी’ काढून ‘लहान’ टाकलं तरी पेटी आणि गाडी यांच्या वाट्यांचं एकमेकांशी प्रमाण तसूभरही बदलत नाही. म्हणजे तिथे निवड होऊच शकत नाही. पहिल्या थरात ‘ती’ ‘मोठी’कडून थोडा अर्थ उचलते, पेटी ‘मावली नाही’कडून आपली भूमिका उचलते. पुढच्या थरात ‘ती’ची क्वेरी या बदललेल्या सदिशातून तयार होते, आणि तेव्हा कुठे ती पेटीकडे झुकू शकते. म्हणून थर एकावर एक रचावे लागतात.

हे दोन्ही बाजूंनी वाचणाऱ्या, बर्टसारख्या मॉडेलबद्दल झालं. जीपीटीसारख्या मॉडेलमध्ये मास्क असतो, शब्दाला फक्त मागचे शब्द दिसतात. तिथे ‘ती’ला ‘मोठी’ कधीच दिसत नाही, कितीही थर लावा. जुळवाजुळव ‘मोठी’वर किंवा त्यानंतरच्या शब्दांवर होते. अशा मॉडेलचा अटेन्शनचा नकाशा, म्हणजे कोणता शब्द कोणाकडे किती पाहतो याचा तक्ता, काढून ‘ती’च्या ओळीत उत्तर शोधत बसू नका, ‘मोठी’ची ओळ बघा.