पिरियड ट्रॅकरच्या स्क्रीनशॉटवरून सायकलची सरासरी आणि फरक कसा काढायचा?

"माझ्याकडे पिरियड ट्रॅकरच्या कॅलेंडरचे जानेवारीपासूनचे स्क्रीनशॉट आहेत, शनिवारी गायनॅककडे जायचंय. ॲप जी सरासरी दाखवतंय ती मला चुकीची वाटते. डॉक्टरांना दाखवायला सरासरी आणि कमीजास्त किती होतं ते नीट कसं काढू?"

ॲपची सरासरी चुकीची वाटतेय ना, मग बहुतेक वेळा गडबड गणितात नसते, नोंदीत असते. म्हणून आधी स्क्रीनशॉटवरून फक्त तारखा कागदावर उतरव, ॲपने काढलेला कुठलाच आकडा घेऊ नकोस.

कुठल्या तारखा? प्रत्येक पाळीचा पहिला दिवस, एवढंच. पहिला दिवस म्हणजे नीट ब्लीडिंग सुरू झालं तो दिवस, आदल्या दिवशी नुसता डाग लागला असेल तर तो दिवस मोजायचा नाही. आणि सायकल मोजायची ती एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत. खूप जणी पाळी संपली त्या दिवसापासून मोजतात आणि मग २८ ची सायकल २३ ची होऊन बसते, डॉक्टरही उगाच वेगळ्या दिशेने विचार करायला लागतात.

स्क्रीनशॉटमध्ये बघताना एक गोष्ट जपून बघ. तू स्वतः नोंदवलेले दिवस आणि ॲपने पुढचा अंदाज म्हणून रंगवलेले दिवस जवळपास सारखेच दिसतात. आयफोनच्या हेल्थ ॲपमध्ये नोंदवलेला दिवस भरलेला गडद लाल गोल असतो आणि अंदाज फिकट लाल, बाकीच्या ॲपमध्ये कुठे तुटक रेघेचा गोल, कुठे फिकट गुलाबी असं काहीतरी असतं. स्क्रीनशॉट जुना असेल तर त्या महिन्याचा शेवट तेव्हा अजून यायचा होता, म्हणजे तिथे दिसतेय ती पाळी नसून अंदाज असू शकतो. शंका आली तर ॲप उघडून त्या तारखेवर टॅप करून बघ, नोंद आहे की नाही ते लगेच कळतं. आणि महिन्याच्या चौकटीत कडेला पुढच्या मागच्या महिन्याच्या तारखा पण पुसट दिसतात, तीच पाळी दोनदा लिहिली जात नाही ना ते बघ.

आता प्रत्यक्ष करून दाखवते. माझ्या धाकट्या बहिणीचं कॅलेंडर घेते (तिला विचारूनच), ती २८ वर्षांची आहे, तिच्या २०२५ च्या स्क्रीनशॉटवरून या तारखा निघाल्या: ८ जानेवारी, ६ फेब्रुवारी, ९ मार्च, ११ मे, ८ जून, १४ जुलै, १२ ऑगस्ट. लागोपाठच्या तारखांमधलं अंतर काढलं की २९, ३१, ६३, २८, ३६, २९. सात तारखांमधून सायकली सहाच मिळतात हे लक्षात ठेव, कारण शेवटची अजून चालू आहे. बेरीज २१६, भागिले ६, सरासरी ३६. ॲप पण तेच ३६ दाखवत होतं. सगळ्यात छोटी २८, सगळ्यात मोठी ६३, फरक ३५ दिवसांचा. हे असंच्या असं डॉक्टरांसमोर ठेवलं असतं तर चित्र भलतंच अनियमित दिसलं असतं.

पण तो ६३ चा आकडा बघितला की विचारायलाच हवं, की एप्रिलमध्ये पाळी आलीच नव्हती की आली आणि नोंदवायची राहिली? नेहमीच्या सायकलच्या साधारण दुप्पट अंतर आलं की ही शंका घ्यायचीच. मात्र स्वतःच्या मनाने ६३ चे दोन तुकडे करायचे नाहीत, कारण खरंच पाळी चुकली असेल तर डॉक्टरांना नेमकं तेच कळायला हवं. पुरावा शोध. व्हॉट्सॲपमध्ये "पाळी", "पिरियड", "पॅड", "पोटात दुखतंय" असं सर्च कर, पॅडची ऑनलाइन ऑर्डर किंवा मेडिकलवाल्याला केलेलं पेमेंट बघ, आई नाहीतर रूममेटला विचार. बहिणीचा मलाच केलेला मेसेज सापडला १० एप्रिलचा, की आज सकाळीच आली, ऑफिसमधून लवकर निघतेय, दादरला उतरून पॅड घेतेय. मग ६३ च्या जागी ३२ आणि ३१ झाले.

सरासरीचा एक गुण इथे कामाला येतो. सगळी अंतरं मिळवायची गरजच नसते, पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंतचे एकूण दिवस भागिले सायकलींची संख्या केलं की झालं. ८ जानेवारी ते १२ ऑगस्ट २१६ दिवस, सायकली आता सात, सरासरी जवळपास ३१. म्हणजे मधली एखादी तारीख एक दोन दिवसांनी इकडेतिकडे झाली तरी सरासरी हलत नाही, पण मधली एक पाळीच गळाली तर सायकलींची संख्या बदलते आणि सरासरी एकदम फुगते. फरकाचं उलटं आहे, तिथे एकच चुकीची तारीख दोन्ही बाजूच्या सायकली बिघडवते, एक लांबते आणि एक आखूड होते, त्यामुळे फरक काढायच्या आधी सगळ्यात छोट्या आणि सगळ्यात मोठ्या सायकलच्या दोन्ही टोकांच्या तारखा परत तपासायच्या.

पुरावा नाहीच सापडला तर? मग ते अंतर सरासरीत धरायचंच नाही, "मार्च ते मे नोंद नक्की नाही" असं लिहायचं आणि उरलेल्या पाच सायकलींची बेरीज १५३ भागिले ५ म्हणजे ३०.६ असं सांगायचं. अशा वेळी वरची पहिली तारीख शेवटची तारीखवाली पद्धत मात्र वापरता येत नाही.

आता फरक बघ. २९, ३१, ३२, ३१, २८, ३६, २९, छोटी २८, मोठी ३६, फरक ८. हा आठ साधा वाटतो पण बरेच डॉक्टर मानतात त्या फिगोच्या (स्त्रीरोगतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना) २०१८ च्या निकषात सायकल २४ ते ३८ दिवसांची नॉर्मल आणि सगळ्यात छोटी ते सगळ्यात मोठी यातला फरक २६ ते ४१ वयात ७ दिवसांपर्यंत नियमित धरतात, १८ ते २५ आणि ४२ ते ४५ वयात ९ पर्यंत. म्हणजे बहीण एका दिवसाने रेषेच्या पलीकडे गेली, आणि तेही एकाच ३६ मुळे.

तर तो ३६ कुठून आला? जुलैत घरी वास्तुशांत होती आणि तिने पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या होत्या. आपल्याकडे गणपती, पूजा, लग्न आलं की हे सर्रास होतं आणि डॉक्टरकडे गेल्यावर सांगायचं राहून जातं, कुणाला ते औषध वाटतच नाही. या गोळ्यांमध्ये बहुतेक वेळा नॉरएथिस्टेरॉन असतं, गोळ्या चालू आहेत तोवर पाळी थांबते आणि बंद केल्या की दोनतीन दिवसांत येते, म्हणजे ती तारीख शरीराने नाही, गोळीने ठरवलेली असते. ती सायकल बाजूला ठेवली तर उरतात २९, ३१, ३२, ३१, २८, २९, बेरीज १८०, सरासरी ३०, फरक फक्त ४ दिवस. ३६ सरासरी आणि ३५ फरक कुठे आणि ३० नि ४ कुठे, स्क्रीनशॉट तोच!

पण म्हणून ती सायकल खोडून टाकायची नाही हं. कागदावर ठेवायची, शेजारी "गोळ्या घेतल्या" लिहायचं आणि तिच्यासकट आणि तिच्याशिवाय असे दोन्ही आकडे द्यायचे, धरायचं काय ते डॉक्टर ठरवतील. इमर्जन्सी पिल घेतली असेल, पाळी आणण्यासाठी डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील, गर्भपात झाला असेल तर त्या महिन्यालाही असंच लिहायचं. आणि नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर असशील तर त्या काळातल्या तारखांची सरासरी काढण्यात अर्थच नाही, तिथे पाकिटाचं वेळापत्रक मोजलं जातं.

मोबाईलवर शीटमध्ये करायचं असेल तर तारखा A1 पासून खाली टाक, B2 मध्ये पहिलं सूत्र टाकून खाली B8 पर्यंत ओढ, बाकीची दोन सूत्रं C1 आणि C2 मध्ये टाक. हे आठ तारखांसाठी आहे:

```
=A2-A1
=AVERAGE(B2:B8)
=MAX(B2:B8)-MIN(B2:B8)
```

तारीख 8-Jan-2025 अशी टाईप कर, कारण 8/1 लिहिलं तर काही फोनमध्ये ती १ ऑगस्ट होते, आणि B मध्ये दिवसांऐवजी विचित्र तारीख दिसली तर सेलचा फॉरमॅट Number कर. दोन तारखांमध्ये उणे आकडा आला किंवा शंभरच्या वर गेला तर नव्वद टक्के हाच घोळ असतो.

डॉक्टरांना "३० प्लस मायनस ४" असं मात्र सांगू नकोस, ऐकणाऱ्याला ते २६ ते ३४ वाटतं. सरळ लिही, सगळ्यात छोटी २८, सगळ्यात मोठी ३२. ओपीडीत बाहेर रांग लागलेली असते, बारा स्क्रीनशॉट कुणी सरकवत बसत नाही, त्यामुळे बहिणीने नेलेली चिठ्ठी एवढीच होती: शेवटची पाळी १२ ऑगस्ट, खाली आठ तारखा, सायकली ७, सरासरी ३१, छोटी २८ मोठी ३६, जुलैची गोळ्यांमुळे, ती सोडून सरासरी ३०, छोटी २८ मोठी ३२, ब्लीडिंग ५ दिवस. तो ब्लीडिंगचा आकडा पण ॲपवरून उचलू नकोस, काही ॲप पहिला दिवस टाकला की पुढचे चारपाच दिवस स्वतःच रंगवतात, तुला आठवतं ते लिही.

तुझी सरासरी हे सगळं करूनही ३५ च्या वर येत असेल, वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या असतील किंवा एखादं अंतर खरोखर ९० दिवसांच्या पुढचं असेल तर ते चिठ्ठीत सगळ्यात वर लिही, पीसीओएसचा विचार करताना डॉक्टर हेच विचारतात. आणि शेवटच्या पाळीला नेहमीपेक्षा जास्त दिवस होऊन गेले असतील आणि प्रेग्नन्सीची थोडीही शक्यता असेल तर शनिवारची वाट न बघता घरी टेस्ट करून घे, रिझल्ट आणि टेस्टची तारीख चिठ्ठीत टाक.

स्क्रीनशॉट क्लिनिकच्या व्हॉट्सॲपवर आधीच पाठवणार असशील तर क्रॉप करून पाठव, कारण बऱ्याच कॅलेंडरवर संबंध आल्याची खूण, मूड, नोट्स सगळं त्याच चौकटीत दिसतं आणि तो फोन बहुधा रिसेप्शनवर असतो. त्यातलं डॉक्टरांना जे सांगायचंय ते आत गेल्यावर तोंडी सांग.