औषध दुकानांच्या साखळीसाठी स्टार की स्नोफ्लेक?

प्रश्न: आमच्या पुण्यातल्या औषध दुकानांच्या साखळीसाठी डेटा वेअरहाउस करायचा आहे. सिनियर म्हणतात स्नोफ्लेक स्कीमा करा, जागा वाचते. बाकी सगळीकडे स्टार म्हणतात. नक्की काय करू?

उत्तर:

स्टार करा. दोन्हींत मधोमध विक्रीच्या नोंदींचं फॅक्ट टेबल असतं आणि त्याभोवती दुकान, औषध यांची माहिती देणारी डायमेन्शन टेबलं; स्टारमध्ये प्रत्येक डायमेन्शन एकाच सपाट टेबलात राहतं, स्नोफ्लेकमध्ये ते आणखी छोट्या टेबलांत तोडतात. स्नोफ्लेकचाही उपयोग आहे, पण तुमचे सिनियर सांगतात त्या कारणासाठी नाही.

आधी जागेचा हिशेब मांडू, म्हणजे तो वाद मिटेल. तुमचे खरे आकडे मला माहीत नाहीत, म्हणून धरून चालू: 40 दुकानं, प्रत्येकात दिवसाला 500 बिलं, बिलामागे सरासरी 3 औषधं. फॅक्ट टेबलात बिलातल्या प्रत्येक औषधाची एक ओळ ठेवली (ठेवाच, त्याहून जाड ग्रेन घेतलात, म्हणजे एका ओळीत अख्खं बिल किंवा दिवस कोंबलात, तर पुढे पस्तावाल), तर दिवसाला 60,000 ओळी आणि वर्षाचे 360 दिवस धरले तर 2 कोटी 16 लाख ओळी होतात. एका ओळीत चार-पाच की, नग, रक्कम, सवलत असं मिळून 50 बाइट धरा. म्हणजे वर्षाला साधारण 1 जीबी.

आता औषधांचं डायमेन्शन टेबल. धरा 8,000 औषधं. त्यात कंपनी, प्रकार, उपप्रकार ही नावं प्रत्येक ओळीत पुन्हा पुन्हा येतात, आणि तुमच्या सिनियरना तेच खुपतंय. या पुनरावृत्तीचे ओळीमागे 60 बाइट धरले तरी सगळे मिळून 4.8 लाख बाइट, म्हणजे अर्धा एमबीसुद्धा नाही. स्नोफ्लेक करून, म्हणजे कंपनीचं वेगळं टेबल, प्रकाराचं वेगळं, उपप्रकाराचं वेगळं करून, तुम्ही 1 जीबीतले अर्धा एमबी वाचवणार. त्यातून वेअरहाउस कॉलमनुसार साठवणाऱ्या डेटाबेसवर असेल तर तो तीच ती नावं स्वतःच दाबून ठेवतो, मग तेवढंही वाचत नाही. जागा खाणारं टेबल फॅक्टचं असतं, आणि ते दोन्ही स्कीमांत सारखंच राहतं.

बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉर्मलायझेशन लागतं, कारण तिथे काउंटरवर दिवसभर नोंदी बदलत असतात आणि एक नाव दहा ठिकाणी दुरुस्त करायची वेळ येऊ नये. वेअरहाउसमध्ये लिहिणारा एकच असतो, तुमचा रात्रीचा लोड. बाकी सगळे नुसते वाचतात. सिनियर बहुतेक बिलिंगच्या बाजूने आलेले असणार. त्यांची सवय चुकीची नाही, नको तिथे लावली जातेय इतकंच.

खरा फरक कळतो तो इतिहास ठेवायची वेळ येते तेव्हा. त्याला पुण्याइतकं चांगलं उदाहरण मिळणार नाही.

समजा वाघोलीत तुमचं एक दुकान 2018 पासून आहे आणि मालकांना महापालिका हद्दीतल्या आणि हद्दीबाहेरच्या दुकानांची विक्री वेगवेगळी बघायची आहे. वाघोली 30 जून 2021 ला पुणे महापालिकेत आली, बावधन, सूस, नऱ्हे वगैरे धरून 23 गावं आली त्यात. त्याआधी तिथे ग्रामपंचायत होती.

स्नोफ्लेकमध्ये दुकानाच्या ओळीत फक्त `area_key` असते. ती परिसराच्या टेबलाकडे बोट दाखवते आणि परिसराची ओळ स्थानिक संस्थेकडे. आता वाघोलीच्या ओळीत ग्रामपंचायतीच्या जागी महापालिका केलंत की काय होईल? 2019 ची विक्रीसुद्धा त्या क्षणी महापालिका हद्दीत जाऊन बसेल. एकूण बेरीज जुळते, एरर कुठेच येत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. मालकांनी 2020 साली छापून घेतलेला रिपोर्ट आणि आज त्याच वर्षाचा काढलेला रिपोर्ट शेजारी ठेवले तरच कळतं.

स्टारमध्ये दुकानाचं एकच सपाट टेबल असतं आणि त्यातच परिसर, स्थानिक संस्था, जिल्हा हे सगळं. बदल झाला की जुनी ओळ बंद करायची आणि नवी उघडायची:

```
shop_key  shop_code  area     local_body     valid_from  valid_to
17        WGL01      Wagholi  Grampanchayat  2018-04-01  2021-06-29
58        WGL01      Wagholi  PMC            2021-06-30  9999-12-31
```

दुकानाचा कोड तोच, पण `shop_key` नवी. 29 जूनपर्यंतच्या विक्रीच्या ओळी 17 ला चिकटलेल्या राहतात, 30 जूनपासूनच्या 58 ला. क्वेरीत तारखांची काहीच कसरत नाही:

```sql
SELECT d.local_body, SUM(f.amount)
FROM fact_sales f
JOIN dim_shop d ON d.shop_key = f.shop_key
GROUP BY d.local_body;
```

हेच स्नोफ्लेकमध्ये करता येत नाही असं नाही. पण परिसराची नवी ओळ उघडली की तिला नवी की मिळते, आणि दुकानाची ओळ अजून जुन्या कीकडेच बघत असते. तिथली की नुसती बदलली तर पुन्हा जुनी विक्री नव्या हद्दीत. म्हणजे दुकानाचीही नवी ओळ उघडायलाच हवी. मग दोन टेबलांतल्या दोन तारखा एकमेकींशी जुळायला हव्यात, आणि लोडमध्ये आधी परिसर, मग दुकान, मग विक्री हा क्रम कधी चुकायला नको. इतकं करून दुकानाच्या टेबलात स्टारमध्ये असत्या तेवढ्याच ओळी! नॉर्मलायझेशनचा मूळ फायदा, एका जागी बदलायचं आणि सगळीकडे बदललेलं दिसायचं, तोच इथे आपल्याला नको असतो.

आणि हे एकदाच होतं असं समजू नका. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं 2017 मध्ये महापालिकेत आलेल्या 11 गावांपैकी होती आणि 2024 मध्ये वेगळी काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. फुरसुंगीत 2015 पासून दुकान असेल तर त्याच्या तीन ओळी होतील. शासनाच्या मनात काय येईल ते आपल्या हातात नाही, त्यामुळे टेबल तयार असलेलं बरं.

या पद्धतीत दोन ठिकाणी जपावं लागतं. एक, लोड करताना `shop_key` शोधायची ती बिलाच्या तारखेवरून, आजच्या नाही. एखाद्या दुकानाचं इंटरनेट बंद पडतं आणि 28 जूनची बिलं 2 जुलैला येतात. त्यांना चालू ओळीची की लावलीत तर ती गुपचूप महापालिकेत जातात. दुसरं, दुकानं मोजताना `shop_key` मोजू नका, `COUNT(DISTINCT shop_code)` करा. नाहीतर 40 दुकानांची 47 होतील आणि मालक विचारतील, ही सात कुठे उघडली?

प्रत्येक कॉलमला इतिहास लागतोच असं नाही, बरं का. दुकानाच्या नावातलं शुद्धलेखन सुधारलं तर सरळ जुन्यावर लिहा. आणि मालक उद्या म्हणाले, ‘सगळी वर्षं आजच्या हद्दीप्रमाणे दाखवा’, तर त्याच टेबलात `current_local_body` असा एक कॉलम वाढवा आणि त्या दुकानाच्या सगळ्या ओळींत आजची संस्था भरा. मग दोन्ही प्रकारचे रिपोर्ट एकाच टेबलावरून निघतात.

आता स्नोफ्लेकमधली हमखास सापडणारी गडबड. काउंटरवर नवीन औषध घाईत चढवलं जातं, त्याचा प्रकार कुणी भरत नाही. औषधाच्या ओळीत `category_key` रिकामी राहते. विक्री ते औषध, औषध ते प्रकार असे दोन `INNER JOIN` लावले की त्या औषधाची सगळी विक्री रिपोर्टमधून गायब. हे ओळखायला सोपं आहे: एकही जॉइन न लावता `SELECT SUM(amount) FROM fact_sales` काढा आणि रिपोर्टच्या बेरजेशी ताडून बघा. जॉइन लावल्यावर रक्कम घटली तर ओळी गळतायत, वाढली तर दुपटीने मोजल्या जातायत. ही तपासणी रोजच्या लोडच्या शेवटी लावून टाका. सपाट टेबलात लोडच्या वेळीच प्रकाराच्या जागी ‘अवर्गीकृत’ लिहिता येतं. मग ती विक्री रिपोर्टमध्ये वेगळी ओळ म्हणून डोळ्यांना दिसते आणि खरेदी विभागातलं कुणीतरी ती दुरुस्त करून टाकतं. रिपोर्ट पॉवर बीआयमध्ये करणार असाल तर आणखी एक कारण: तिथे कंपनी, प्रकार, औषध अशी उतरंड बनवायला तिन्ही कॉलम एकाच टेबलात लागतात.

मग स्नोफ्लेकसारखं काही कधी लागतं? तुमच्याकडे महिन्याचं विक्रीचं टार्गेट असेलच. ते एकेका औषधाला देत नाहीत, प्रकाराला देतात: मधुमेहाच्या औषधांचं या महिन्यात 12 लाख, असं. हे टार्गेटचं वेगळं फॅक्ट टेबल झालं, त्याचा ग्रेन दुकान, महिना आणि प्रकार. ते औषधांच्या सपाट टेबलाला प्रकाराच्या नावावर जोडलंत आणि मधुमेहाची 300 औषधं असली तर 12 लाखांचे 36 कोटी दिसतील. इथे प्रकाराचं स्वतःचं छोटं टेबल हवंच. पण ते औषधांच्या टेबलातूनच रात्रीच्या लोडमध्ये तयार करा, म्हणजे नावं दोन्हीकडे हुबेहूब राहतील, आणि औषधांच्या टेबलात प्रकाराचं नाव आहे तसंच राहू द्या. रिपोर्टमध्ये विक्रीची बेरीज आधी प्रकार आणि महिन्यापर्यंत आणा, टार्गेटची तशीच वेगळी काढा, आणि मगच दोन्ही जोडा. फॅक्टला फॅक्ट थेट जोडायचं नाही.

सिनियरना नॉर्मलाइझ केलेलं काहीतरी हवंच असेल तर स्टेजिंगमध्ये ठेवा. बिलिंगमधून येणारी टेबलं तशीही तुटक-तुटकच येतात. ती तिथे तशीच उतरवा, तपासा, आणि त्यावरून रोज `dim_product` आणि `dim_shop` सपाट करून भरा. रिपोर्ट करणाऱ्यांना स्टेजिंगचा अॅक्सेस मात्र देऊ नका. दिलात तर महिन्याभरात कुणीतरी त्यावर थेट क्वेरी लिहून बसेल आणि एकाच विक्रीचे दोन आकडे मीटिंगमध्ये फिरायला लागतील.