पत्रात रजा मोजू नका, बुडालेल्या तासिका मोजा

प्रश्न: «मुलगी आठवीत आहे, ऐरोलीतील अनुदानित शाळा. विज्ञानाच्या बाई आठवड्यातून दोन-दोन दिवस नसतात आणि त्या तासाला कोणीही येऊन बसते किंवा मुलांना मैदानावर सोडतात. आम्ही काही पालक मिळून तक्रार करणार आहोत. पत्रात काय लिहावे? थेट शिक्षणाधिकाऱ्यांकडे दिले तर चालेल का?»

आपला प्रश्न वाचताना चार वर्षांपूर्वीचा आमचा ऑगस्ट महिना आठवला. आम्ही ठाण्यात राहतो. मुलगा तेव्हा नववीत होता आणि विषय गणित होता. अर्ज कोणाच्या नावे करावा, विषयाची ओळ कशी लिहावी, हे आपल्याला ठाऊक असणारच, म्हणून ते सोडून देते. ज्या एका चुकीने आमचे जवळजवळ संपूर्ण पहिले सत्र वाया गेले, तिच्याविषयीच लिहिते. मी वकील नाही आणि शिक्षण खात्यातही नाही. हे एका पालकाचे अनुभवाचे बोल आहेत, एवढे लक्षात ठेवून वाचावे.

आमच्या पहिल्या पत्रावर तेवीस पालकांच्या सह्या होत्या. पत्रात दोन गोष्टी होत्या. पहिली अशी, की गणिताच्या बाई शाळा सुरू झाल्यापासून बारा दिवस गैरहजर होत्या. दुसरे वाक्य पालकांच्या गटात रात्री अकरा वाजता कोणीतरी सुचवले आणि आम्ही माना डोलावल्या: «सदर शिक्षिका याच काळात खासगी शिकवणी घेत असल्याचे ऐकिवात आहे.» शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 28 नुसार शिक्षकांना खासगी शिकवणी घेता येत नाही, हे एका पालकांनी वाचलेले होते आणि ते वाक्य घातले की शाळा घाबरेल, असा आमचा होरा होता.

शाळा मुळीच घाबरली नाही. त्या एका वाक्याने पत्राचा विषयच बदलून टाकला. मुलांचे तास बुडत आहेत, ही पालकांची चिंता बाजूला पडली आणि कर्मचाऱ्यावरील आरोप पुढे आला. व्यवस्थापनाने लेखी विचारणा केली, की आरोपाचा पुरावा काय आणि तो कोणी पाहिला आहे. पुरावा कोणाकडेही नव्हता. सह्या करणाऱ्या तेवीस जणांपैकी सात जणांनी आठवडाभरात सही मागे घेतली. पुढे समजले, की बाईंच्या घरी एक गंभीर आजारपण चालू होते आणि बारापैकी प्रत्येक रजा रीतसर मंजूर झालेली होती. बाई दुखावल्या, इतर शिक्षक त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि हे योग्यच होते. या सगळ्यात सत्र परीक्षा होऊन गेली, दिवाळीची सुट्टी लागली आणि गणिताच्या एकाही तासाची भरपाई झाली नाही.

रजा का घेतली, हे विचारण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे माझे आता स्पष्ट मत आहे. शिक्षकाची आजारपणाची कागदपत्रे ही त्याची खासगी बाब आहे आणि माहिती अधिकारात अर्ज केला तरी अशी वैयक्तिक माहिती नाकारण्याची तरतूद कायद्यातच आहे. त्या वाटेला जाऊन हाती काही लागत नाही. शाळेने आपल्याला उत्तर देणे भाग आहे ते वेगळ्याच गोष्टीचे: वेळापत्रकातील तासिका झाली की नाही, आणि झाली नसेल तर तिच्या जागी काय झाले.

म्हणून दिवस मोजू नयेत. आमच्या पत्रातील «बारा दिवस» वाचून मुख्याध्यापकांनी शांतपणे सांगितले, की सव्वादोन महिन्यांत बारा रजा म्हणजे काही अघटित नव्हे. ऐकायला ते पटणारे होते. दिवाळीनंतर आम्ही तीन मुलांच्या वर्गपाठाच्या वह्या समोर घेऊन बसलो, तेव्हा चित्र निराळेच निघाले. वेळापत्रकात गणिताच्या आठवड्याला सहा तासिका होत्या: सोमवारी आणि गुरुवारी सलग दोन-दोन, मंगळवारी आणि शुक्रवारी एकेक. बाईंच्या बारा रजांपैकी सात रजा सोमवारी किंवा गुरुवारी आलेल्या होत्या, म्हणजे त्या सात दिवसांतच चौदा तासिका गेल्या आणि उरलेल्या पाच दिवसांत पाच. पहिल्या नऊ आठवड्यांच्या चोपन्न तासिकांतून सुट्ट्यांमुळे गेलेल्या पाच वजा केल्या तर एकोणपन्नास उरतात. त्यातील एकोणीस तासिकांना विषयशिक्षिका नव्हत्या. «बारा रजा» आणि «एकोणपन्नासपैकी एकोणीस तासिका» हे एकाच घटनेचे वर्णन आहे, पण दुसरे वर्णन वाचून कोणीही शांतपणे मान हलवत नाही.

त्यापुढची पायरी बहुतेक पालक गाळतात आणि माझ्या मते खरे वजन तिच्यातच आहे. त्या एकोणीस तासिकांचे काय झाले, हे आम्ही वेगळे काढले. चार तासिकांना दुसऱ्या तुकडीच्या गणिताच्या सरांनी येऊन शिकवले होते. त्या आम्ही बुडालेल्यांत धरल्या नाहीत आणि तसे पत्रात नमूदही केले. सहा तासिकांना अन्य विषयांच्या शिक्षकांनी स्वतःचा राहिलेला भाग पुढे नेला. उरलेल्या नऊ तासिकांना मुले मैदानावर होती किंवा कोणाच्या तरी देखरेखीखाली गप्प बसून होती. मुलाच्या वहीत एका पानावर 11 जुलै ही तारीख आणि सरावसंच 2.1 होता, पुढच्या पानावर थेट 21 जुलै, आणि त्या दोन पानांच्या मधल्या मागच्या बाजूला फुली-गोळ्याचे चौदा डाव. आधी मी त्याला रागावले होते. नंतर त्याच पानाची छायाप्रत पत्राला जोडावी का, असा मोह झाला. जोडली नाही, कारण त्याने पत्राचा सूर गेला असता.

नऊ आठवड्यांच्या पुढे आम्ही मोजले नाही, कारण तिथपर्यंतच्याच नोंदी तिन्ही वह्यांत जुळत होत्या. पुढचेही धरले असते तर आकडा वाढला असता, परंतु न जुळणारी एकच नोंद सापडली तरी शाळा तिच्यावर बोट ठेवते आणि बाकीचे सगळे पत्र अधू होते. आपल्या बाबतीत वह्यांतील तारखा, मुलांची दैनंदिनी आणि जूनमध्ये मिळालेले वेळापत्रक एवढे पुरेसे आहे. वेळापत्रकाचे छायाचित्र आजच काढून ठेवावे. आमच्याकडे ते सप्टेंबरमध्ये बदलले आणि जुने कोणाकडेच नव्हते, शेवटी एका मुलीच्या दप्तराच्या कप्प्यात सापडले.

दुसऱ्या पत्राचा गाभा असा होता, आपल्या विषयानुसार बदलून घ्यावा:

«नववी, तुकडी ब, या वर्गाच्या वेळापत्रकानुसार 15 जूनपासूनच्या नऊ आठवड्यांत गणिताच्या 49 तासिका अपेक्षित होत्या. त्यांपैकी 30 तासिका विषयशिक्षिकांनी व 4 तासिका दुसऱ्या तुकडीच्या गणित शिक्षकांनी घेतल्या, याबद्दल आम्ही आभारी आहोत. उर्वरित 15 तासिकांत गणिताचे अध्यापन झालेले नाही. तारीखवार तक्ता सोबत जोडला आहे. शिक्षिकांच्या रजेच्या कारणांविषयी आमची कोणतीही तक्रार नाही. आमची विनंती अशी की, (1) विषयशिक्षिका नसतील त्या दिवशी गणिताची तासिका कोण घेतील, हे वर्गाला कळवावे. (2) या 15 तासिका कोणत्या दिवशी भरून काढल्या जातील, त्याचे वेळापत्रक द्यावे. याबाबत लेखी उत्तर 10 दिवसांत मिळावे.»

त्यात शिक्षिकांचे नावही नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. पद आणि विषय पुरेसे असतात. तिसरी एक मागणी काही पालकांना हवी होती: न शिकवलेला भाग परीक्षेतून वगळावा. मी तिला कडाडून विरोध केला आणि आजही करीन. दोन चलांतील रेषीय समीकरणे हे प्रकरण आम्हाला नववीत जेमतेम मिळाले होते आणि दहावीच्या बीजगणिताच्या पुस्तकाची सुरुवातच त्याने होते. परीक्षेतून वगळलेला भाग मुलाच्या डोक्यातूनही वगळला जातो आणि शाळेला मात्र भरपाईतून सुटका मिळते.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळते. थेट शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाऊ नये. पहिले पत्र फसल्यावर रागाच्या भरात आम्ही एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. तिथे एका खिडकीवरून दुसरीवर असे करत दुपार गेली आणि शेवटी एका लिपिकाने एकच प्रश्न विचारला: «मुख्याध्यापकांना दिलेल्या अर्जाची पोच आणि त्यांचे उत्तर कुठे आहे?» पोच आमच्याकडे नव्हतीच, कारण पहिले पत्र आम्ही पालकसभेत हातोहात दिले होते. बाकी त्या कार्यालयाविषयी बोलण्यासारखे पुष्कळ आहे, पण तो प्रश्न रास्त होता. तेव्हा पत्र शाळेच्या कार्यालयात द्यावे, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. लिपिकाने «ठेवून जा, मॅडम आल्यावर बघतील» असे म्हटले तर हुज्जत न घालता तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवावे. एक प्रत शाळा व्यवस्थापन समितीला द्यावी. अनुदानित शाळेत ती असावी लागते आणि तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. पूर्णपणे विनाअनुदानित शाळेला ही समिती लागू नाही, तिथे पालक-शिक्षक संघाकडे जावे लागते.

दहा दिवसांत उत्तर आले नाही किंवा गोलमोल आले, तरच पुढे जावे. आपली मुलगी आठवीत असल्याने शिक्षणहक्क कायदा तिला लागू आहे आणि त्याच्या कलम 24 मध्ये शिक्षकाने नियमित व वेळेवर हजर राहणे आणि ठरलेल्या वेळेत अभ्यासक्रम पूर्ण करणे, ही दोन्ही कर्तव्ये लिहिलेली आहेत. आमच्या नववीला या कायद्याचा आधार नव्हता, हे आम्हाला उशिरा कळले. तरीही कलमाचा उल्लेख पहिल्या पत्रात करू नये, असे मला वाटते. तो दुसऱ्या पत्रासाठी राखून ठेवावा. आपली शाळा पाचवी ते दहावीची असेल तर पुढचा अर्ज बहुधा ठाणे जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे जाईल, कारण ऐरोली ठाणे जिल्ह्यात येते. खारघरच्या एका ओळखीच्या पालकांनी हेच गृहीत धरले आणि त्यांची शाळा रायगड जिल्ह्यात निघाली. शाळेचा अकरा आकडी युडायस क्रमांक अर्जात घातला की शाळा नेमकी कोणती, हा प्रश्न उरत नाही.

एक शक्यता आधीच पडताळून पाहावी. बाई स्वतःच्या रजेवर नसून निवडणुकीच्या किंवा जनगणनेच्या कामावर पाठवल्या जात असतील, तर कायद्याने त्या कामांना मुभा आहे आणि मुख्याध्यापकांच्या हाती ते थांबवणे नसते. तासिका भरून काढण्याची मागणी मात्र तेव्हाही तशीच लागू राहते. प्रसूतीची किंवा लांबच्या आजारपणाची रजा असेल तर रोजच्या बदली तासांनी भागत नाही. त्या काळासाठी तासिका तत्त्वावर शिक्षक नेमण्याची विनंती स्वतंत्र पत्राने करावी, कारण तो निर्णय मुख्याध्यापक एकटे घेत नाहीत, व्यवस्थापन घेते.

आमच्या दुसऱ्या पत्राला आठव्या दिवशी उत्तर आले. शनिवारी सकाळी दोन-दोन तासिका लावल्या गेल्या आणि पहिल्या शनिवारी शिकवायला त्याच बाई आल्या, ज्यांच्याविषयी आम्ही ते वाक्य लिहिले होते. पंधरापैकी तेरा तासिका झाल्या, दोन राहिल्या. त्या दोनसाठी आम्ही पुन्हा पत्र लिहिले नाही.