‘भिती’ दुरुस्त केली, मग वाचली

“निबंध तपासताना एखादं मूल घरातलं इतकं खरं लिहून गेलेलं असतं की पेन थांबतं. त्याला गुण कशाचे द्यायचे? आणि आपण ते वाचलंय हे त्याला कळू द्यावं का?”

हा प्रश्न वाचला आणि मला एक बाई आठवल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) रात्रीचे साडेबारा वाजले होते, समोर ‘सुट्टीचा दिवस’ या विषयावरचे निबंध होते आणि त्या एकेचाळिसाव्या वहीवर होत्या. आधीच्या चाळिसांत सगळे कुठे ना कुठे फिरून आले होते. या मुलीने लिहिलं होतं, “सुट्टीत मला भिती वाटते. बाबांच्या चपला दाराशी सरळ असल्या तर मी खोलीतून बाहेर येते. वाकड्या असल्या तर नाही येत.”

“मी आधी तिचं ‘भिती’ दुरुस्त केलं,” बाई मला म्हणाल्या. “पहिली वेलांटी दीर्घ केली, समासात लाल खूण केली आणि मग मला कळलं ती काय म्हणतेय.” हे सांगताना त्यांचा आवाज बसला होता. चाळीस वह्यांनंतर डोळे चुकाच शोधतात, त्यात अपराध कसला?

त्यांनी दहापैकी नऊ दिले, खोडले, पाच केले, तेही खोडले. मी त्यांना एवढंच सुचवलं की गुण सकाळी द्या, नाव झाकून द्या आणि त्याआधी गठ्ठ्याच्या मधल्या दोन वह्या पुन्हा वाचा. एकाच साच्यातल्या चाळीस निबंधांनंतर वेगळा निबंध आहे त्याहून मोठा वाटतो. शिवाय दुःखाला नऊ मिळाले तर पुढच्या वेळी मूल गुणांसाठी दुःख शोधू लागतं, हे मी पाहिलंय. सकाळी त्यांनी सात दिले. शेवट नव्हता, परिच्छेद नव्हते, पण चपलांचं निरीक्षण नेमकं होतं आणि ते लेखनाचंच श्रेय होतं. गुणांचा प्रश्न तिथे संपला.

दुसरा प्रश्न मात्र सकाळपर्यंत थांबवायचाच, असं नसतं. मजकुरात मरणाचा, स्वतःला इजा करण्याचा, निरोप घेतल्याचा सूर असेल किंवा आज घरी जाणंच धोक्याचं दिसत असेल, तर त्याच रात्री मुख्याध्यापकांना फोन करायचा. इथे तसं काही नव्हतं. पण क्रियापदं बघा, सगळी वर्तमानकाळातली. जुनी आठवण लिहिणारं मूल ‘वाटायची’ लिहितं. हिने ‘वाटते’ लिहिलं होतं. शिवाय तिने चपला ओळखण्याची युक्ती बसवली होती, आणि अशी युक्ती एका दिवसात बसत नाही. हा काही पुरावा नव्हे, पण विचारायला हवं एवढं सांगायला पुरेसा होता.

वहीत शेरा लिहू नका, असं मी बाईंना बजावलं, कारण वही घरी जाते. पालकांना आधी बोलावू नका, कारण भीती घरातलीच असेल तर संध्याकाळी त्याची किंमत ती मोजेल. आणि ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन तर मुळीच देऊ नका.

मधल्या सुट्टीत बाईंनी तिला रिकाम्या वर्गात, दार उघडं ठेवून, बसवलं. म्हणाल्या, “चपलांचं वाक्य माझ्या लक्षात राहिलं.”

ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “बाई, गुण कापले का?”

“नाही. वाकड्या असतात तेव्हा काय होतं?”

‘मारतात का?’ असं बाईंनी विचारलं नाही, हे बरं झालं. अशा प्रश्नाला मूल अनेकदा समोरच्याला हवं ते उत्तर देतं.

“मला नाही काही करत. आईला करतात.”

बाईंनी तिला सांगितलं की हे मी मुख्याध्यापकांना सांगणार आहे, पण आधी तुला सांगतेय. मुलगी रडली, चिडलीही. दोन दिवस बोलली नाही. बाईंना वाटलं आपण विश्वास घालवला. पण त्यांनी तिचे शब्द होते तसे, तारीख घालून लिहून ठेवले होते, आणि पुढे ज्यांनी या प्रकरणात लक्ष घातलं त्यांना तेच कामी आले. आईशी शाळेतच, एकटीशी, बोलणं झालं. आई आता माझ्या एका सहकारी बाईंकडे येते. वडिलांचं पिणं सुटलेलं नाही.

पुढचा निबंध पावसाळ्यावर होता. मुलीने ढग, मोर, हिरवे डोंगर असं सगळं ठरलेलं लिहिलं. बाईंना जरा वाईट वाटलं. “काहीच खरं नाही हो त्यात,” म्हणाल्या.

मी विचारलं, “किती दिले?”

“सहा. शेवट याही वेळी नाही.”