सबमीटरवर भाडेकरूला युनिटचा कोणता दर लावावा?

प्रश्न: आमचं आणि भाडेकरूचं मिळून एकच मुख्य मीटर आहे. त्यांच्यासाठी सबमीटर बसवलाय. पण बिलात स्लॅब आहेत, शिवाय स्थिर आकार वेगळा. त्यांच्याकडून युनिटला किती घ्यायचे म्हणजे योग्य होईल?

उत्तर:

त्या महिन्याच्या बिलातला सरासरी दर घ्या, आणि स्थिर आकार त्यात न मिसळता वेगळा वाटून घ्या. मी आधी सगळ्यात वरच्या स्लॅबचा दर लावत होतो, कारण वाटायचं की भाडेकरूमुळेच आपण त्या स्लॅबमध्ये जातो. एकदा त्यांनीच कागदावर हिशोब मांडून दाखवला आणि मला तो मान्य करावा लागला.

सोप्या आकड्यांत बघा. हे दर मी समजण्यापुरते धरलेत, तुमच्या बिलावरचे घाला. पहिली 100 युनिटं 4 रुपयांनी, पुढची 200 युनिटं 8 रुपयांनी, 300 च्या वर 12 रुपये. मुख्य मीटरवर 400 युनिटं, त्यातली सबमीटरवर 150. म्हणजे तुमची 250. वीज आकार होतो 400 + 1600 + 1200 = 3200 रुपये.

भाडेकरू स्वतंत्र मीटरवर असते तर 150 युनिटांचे 800 रुपये भरले असते, आणि तुम्ही 250 युनिटांचे 1600. बेरीज 2400. म्हणजे 800 रुपये एका मीटरवर दोन घरं असल्यामुळे जास्त पडतात. खरा वाद याच 800 चा असतो. ‘आधी माझी युनिटं, मग त्यांची’ असं मोजलं तर ते सगळे भाडेकरूच्या माथी बसतात आणि त्यांचं बिल 800 चं 1600 होतं. पण त्यांनीही ‘आधी माझी’ म्हटलं तर तोच भार तुमच्यावर येतो. वीज काही रांगेत उभी राहून येत नाही, तेव्हा कुणाची युनिटं आधीची हे ठरवायला आधारच नाही.

सरासरीने 3200 भागिले 400, म्हणजे 8 रुपये युनिट. भाडेकरूचे 1200, तुमचे 2000. या उदाहरणात जादा 800 दोघांवर 400-400 असे पडले. दर वेळी इतकी बरोबर वाटणी होणार नाही, पण दोघांची बेरीज नेहमी बिलाइतकीच येते. अर्धे-अर्धे स्लॅब वाटून घ्यायची पद्धतही काही जण सुचवतात. कुणाचा वापर खूप कमी असला की त्यात बेरीज बिलापेक्षा जास्त निघते आणि वरचे पैसे मालकाच्या खिशात जातात, म्हणून मी ती सोडली.

आता स्थिर आकार. तो 300 रुपये धरू. एक युनिटही जाळलं नाही तरी तो लागतोच, म्हणून युनिटांवर वाटू नये. तुम्ही महिनाभर बाहेरगावी गेलात, मुख्य मीटरवर 200 आणि त्यात भाडेकरूची 150 आली, तर युनिटांच्या हिशोबाने 300 पैकी 225 त्यांच्यावर पडतील. त्यांनी काय वेगळं केलं? आम्ही निम्मा-निम्मा ठरवून करारात लिहिला. घरं लहानमोठी असतील तर प्रमाण बदला, पण एकदाच ठरवा.

इंधन समायोजन, वहन आकार यांसारखे युनिटांवर लागणारे आकार वीज आकारातच धरा. शुल्क टक्क्यांत असेल तर तेच टक्के दोघांच्या रकमेवर लावा. 10 टक्के धरले तर भाडेकरूचे 1200 + 150 = 1350, अधिक 135, म्हणजे 1485 रुपये. तुमचे 2150 अधिक 215, म्हणजे 2365. एकूण 3850, बिलाइतकेच. मागची थकबाकी आणि उशिराचा दंड मात्र यात येऊ देऊ नका, बिल भरायची जबाबदारी तुमची आहे.

सबमीटरचं रीडिंग बिलावरच्या रीडिंगच्या तारखेलाच घ्या आणि दोन्ही मीटरचे फोटो भाडेकरूला पाठवा. दहा दिवसांचा फरक पडला तरी वजाबाकी चुकते. मुख्य मीटरचं बिल अंदाजाने आलं असेल, तर खरं रीडिंग येईपर्यंत तात्पुरती रक्कम घ्या.

आणि एक तपासणी जरूर करा. भाडेकरूच्या घरातली सगळी उपकरणं आणि दिवे बंद करायला सांगून सबमीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा पाच-दहा मिनिटं बघा. तो लुकलुकत राहिला तर तुमची एखादी लाइन त्यांच्या मीटरवर असू शकते. आमच्याकडे जिन्यातला दिवा तसा निघाला. तो रात्रभर चालायचा, तेव्हा तितकी युनिटं मी त्यांना परत वजा करून दिली.

पाण्याची मोटर दोघांसाठी असून मुख्य मीटरवर असेल, तर ती युनिटं तुमच्या 250 मध्ये गेलेली असतात. त्यासाठी वेगळा छोटा मीटर लावता येतो.

भाडेकरू बरीच वर्षं राहणार असतील तर स्वतंत्र जोडणीची चौकशी करा. वरच्याच आकड्यांत दोन मीटर असते तर 2400 अधिक दोन स्थिर आकार 600, म्हणजे शुल्काआधी 3000 झाले असते. आत्ता 3500 होतात. दुसरा स्थिर आकार भरूनही महिन्याला 500 वाचतात, आणि रीडिंगचा हिशोबही उरत नाही.